लेखिकेचं नाव एकदाच, की वाक्यागणिक?

प्रकरणाचा सारांश एका परिच्छेदात बसवताना लेखिकेचं नाव सुरुवातीला एकदाच घेतलं, तर कष्ट आणि शब्द दोन्ही वाचतात. पण चौथ्या वाक्यात ‘परीक्षा फक्त स्मरणशक्ती मोजते’ असं आलं, की हे मत त्यांचं की तुमचं, कळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ‘लेखिका दाखवतात’, ‘त्या मान्य करतात’, ‘त्यांचा आक्षेप असा’ हे वाक्यागणिक. दरवेळी दोन-तीन शब्द जातात. क्रियापदही जपून निवडावं लागतं: नुसत्या दाव्याला ‘सिद्ध करतात’ म्हटलं, तर नकळत तुम्हीच त्यांची बाजू घेतलीत!

स्वतःच्या टिपणवहीला पहिला मार्ग पुरतो. पुढे लगेच तुमचं मत मांडायचं असेल, म्हणजे वाचन-प्रतिसादात, दुसराच घ्या.