'उन्हामुळे नर दिसतंय' म्हणाला आणि माझा पपईचा हंगाम गेला

शहादा तालुक्यात आमचं रान आहे. गेल्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस अर्ध्या एकरात सहा बाय सहा फुटांवर मी पपईची 600 रोपं लावली. रोपं एका पुरवठादाराकडून घेतली, एकेक 22 रुपयांना. रोपं 786 या जातीचीच आहेत, एकही नर निघणार नाही, आणि निघालाच तर फूल दिसल्यापासून 30 दिवसांत फोटो पाठवा, तेवढी रोपं बदलून देतो, असं त्याने तोंडी सांगितलं. हातात दिली ती साधी चिठ्ठी. 'पपई रोपे 600' एवढंच तीवर लिहिलेलं. बियाण्याचं पाकीट मी मागितलं नाही, लॉट नंबर विचारला नाही. तेव्हा ते सुचलंच नाही.

मे महिन्यात झाडं कमरेच्या वर गेली आणि फुलं दिसायला लागली. पहिल्याच आठवड्यात काही झाडांवर लांब दांड्याचे तुरे खाली लोंबू लागले, दांड्याला फांद्या फुटलेल्या आणि त्यावर बारीक पांढरी फुलं दाटीने. मला शंका आली. फोन केला, तर तो म्हणाला, "भाऊ, फूल अगदी जवळून, समोरून काढून पाठवा, पाकळ्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत." मी रोज सकाळी दहा-बारा झाडांचे फोटो पाठवू लागलो. त्याचं उत्तर ठरलेलं: "हे उभयलिंगी आहे. उन्हामुळे नरासारखं दिसतंय. पाऊस पडला की फळ धरेल."

यात अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसलो. पपईच्या उभयलिंगी झाडाला कडक उन्हात खरोखरच अशी फुलं येतात, ज्यांच्यातला फळ होणारा भाग खुरटतो आणि फक्त पुंकेसर उरतात. त्या दिवसांतली फुलं गळून जातात, खोडावर मधे तेवढा पट्टा रिकामा राहतो, आणि हवा निवली की वर पुन्हा फळं लागतात. आमच्याकडच्या मे महिन्यात हे कुणालाही पटण्यासारखं आहे.

दोन आठवड्यांनी मी परत कुरकुर केली, तेव्हा त्याने एक फोटो पाठवला. लांब दांड्याच्या टोकाला एक पपई लोंबत होती. "हे बघा, तुऱ्यालासुद्धा फळ लागतं." तो फोटोही खोटा नसावा. नराच्या झाडाला कधीमधी तुऱ्याच्या टोकाला एखाद-दुसरं फळ लागतं. पण त्या एका-दोन फळांवर बाग चालत नाही. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी वाट बघत राहिलो आणि 30 दिवस उलटले.

जूनच्या शेवटी शेजारच्या बांधावरचे नाना आले. त्यांनी पपईत पंधरा-वीस वर्षं काढली आहेत. मी मोबाईल पुढे केला, तर त्यांनी तो बघितलाच नाही. "फोटो राहू दे, ब्लेड आण," म्हणाले. तीन झाडांच्या तीन कळ्या तोडल्या आणि माझ्या तळहातावर ठेवून एकेक उभी चिरली.

पहिली कळी लोंबत्या तुऱ्यातली. बारीक नळी, तोंडाशी पिवळे पुंकेसर, मधोमध सुईसारखा एक धागा. फुगवटा कुठेच नाही. "हा नर. याच्यात पपई व्हायला जागाच नाही." दुसरी पानाच्या बगलेतली, आखूड देठाची. पाकळ्या खालच्या बाजूला जुळून नळी झालेली, आत पुंकेसर, आणि त्यांच्या मधे हिरवी, लांबट, इवलीशी काकडी. ही उभयलिंगी. तिसरी बुडाशी गोल फुगलेली, पाकळ्या जवळजवळ तळापर्यंत सुट्या, पुंकेसर एकही नाही, आत गोटीसारखी कोवळी पपई आणि तिच्या डोक्यावर झालरीसारखे पाच फाटे. ही मादी. चिकाने माझी बोटं चिकट झाली होती आणि दीड महिना मी काय बघत होतो तेच मला कळेना.

मग नानांनी माझे फोटो बघितले. म्हणाले, "अरे, समोरून काढलेल्या फुलात काय दिसणार? पाच पांढऱ्या पाकळ्या. नराच्याही पाच, उभयलिंगीच्याही पाच. देठ कुठंय? बूड कुठंय?" पुरवठादाराने समोरून फोटो का मागवले होते ते तेव्हा उलगडलं. नर ओळखायची खूण देठात आणि कळीच्या बुडाशी असते, आणि नेमकं तेच फोटोच्या बाहेर राहत होतं. उन्हाने खुरटलेलं उभयलिंगी फूलसुद्धा खोडाला धरून आखूड देठावरच येतं. हात-दीड हात लांब, फांद्या फुटलेला दांडा ऊन पडलं म्हणून येत नाही. तो नराचाच.

दुसऱ्या दिवसापासून मुलाला बरोबर घेऊन सगळं रान मोजलं. जिवंत झाडं 574. नर 192, मादी 198, उभयलिंगी 184. नाना आकडे ऐकून म्हणाले, "मग हे 786 नाहीच." मी नंतर कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना विचारलं, त्यांनी तेच सांगितलं आणि कारणही. 786 च्या अस्सल बियाण्यातून मादी आणि उभयलिंगी अशी दोनच प्रकारची झाडं येतात. नर येत नाही. उभयलिंगी झाडावर जवळच्या नराचा पराग पडला आणि त्या फळाचं बी धरलं, की तिन्ही प्रकार जवळपास सारखे निघतात. माझ्या रानातली मोजणी तंतोतंत तशी होती. म्हणजे कुठल्या तरी बागेतल्या पिकल्या पपईचं बी काढून त्याची रोपं मला 786 म्हणून विकली होती.

हे मला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं. 786 म्हणून घेतलेल्या बागेत लोंबत्या तुऱ्याची दोन-चार झाडं जरी दिसली, तरी रोपांवर शंका घ्यायला तेवढं पुरे आहे. वॉशिंग्टनसारख्या जातीत गोष्ट वेगळी. तिथे नर येणारच, म्हणून खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फुलं आल्यावर मादी राखून जास्तीचे नर काढतात. मी एका खड्ड्यात एकच रोप लावलं होतं, त्यामुळे नर काढला की ती जागा रिकामीच.

तक्रार करायला तालुक्याला गेलो. तिथे पक्कं बिल आणि लॉट नंबर मागितला, आणि रास्तच मागितला. माझ्याकडे ती चिठ्ठी आणि फोनमधले पाकळ्यांचे फोटो. पुरवठादार आता म्हणतो, मुदत संपली, आणि फोटोत नर दिसतच नाही.

तुम्हाला कुणी फोटोवरून सांगणार असेल, तर एक फोटो पूर्ण झाडाचा काढा, खोड आणि तुरा दोन्ही दिसतील असा. एक बाजूने, देठ आणि बुडासकट. आणि एक चिरलेल्या कळीचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. कळी जरा मोठी होऊ द्या, अगदी बारीक कळी चिरून नीट समजत नाही. फुलाआधी रोपाच्या पानावरून, मुळावरून किंवा बियाच्या रंगावरून नर-मादी सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळेत जनुकीय तपासणीच लागते.

192 झाडं जुलैत तोडली. त्या जागी नवी रोपं लावली, पण पाच-सहा महिन्यांच्या झाडांच्या सावलीत ती उठलीच नाहीत, आणि ऑगस्टमध्ये त्यातल्या बऱ्याच रोपांवर रिंगस्पॉट हा विषाणूरोग दिसला. बदलीच्या रोपांचा पत्ता नाही तो नाहीच. पुरवठादाराचे सगळे मेसेज तारखेसकट मी ठेवले आहेत. आमच्या भागात आणखी कुणी 'ऊन आहे, थांबा' हे ऐकून थांबलं असेल, तर आजच रानात जाऊन एक कळी चिरून बघा, आणि नर असेल तर मुदत संपायच्या आत लेखी तक्रार करा.