काकांच्या खांद्यावर गदा: तीनपैकी कोणती कॅप्शन?

काकांची साठी. पुतण्या तालमीतला, कुस्ती जिंकून चांदीची गदा खांद्यावर घेतलेला त्याचा एक फोटो घरात आहे. त्यावर काकांचा चेहरा बसवला. काका अंगाने सडसडीत, पण चेहरा इतका बेमालूम बसलाय की लांबचे नातेवाईक सहज फसतील. घरच्या ग्रुपवर टाकायला तीन कॅप्शन सुचल्या.

पहिली: "आमचे काका, नवे महाराष्ट्र केसरी! 😂😂 #एडिटेड"

हिच्यात वाईट काही नाही, पण खुलासा शेपटाला गेलाय. कॅप्शन लांबली की बऱ्याच ॲपमध्ये सुरुवातीच्या ओळीच दिसतात, पुढचं दाबल्याशिवाय उघडत नाही. हसरे चेहरे म्हणजेही खुलासा नव्हे. खऱ्या फोटोखालीही लोक ते टाकतातच. "फक्त गंमत" या शब्दांचंही तसंच.

दुसरी: "फोटो एडिट केलाय. आमच्या काडी पैलवानाला खरी गदा पेलेल का?"

खुलासा पहिल्याच वाक्यात आला, हे उत्तम. पण हसू गदेवरून सरकून काकांच्या हाडांवर आलं. पुढचे दोन दिवस ग्रुपवर त्यांच्या अंगकाठीवरच शेरे पडतील आणि काकांना प्रत्येकाला हसून उत्तर द्यावं लागेल. ही मी टाकणार नाही.

तिसरी: "एडिट केलेला फोटो: चेहरा काकांचा, अंग आणि गदा पुतण्याची. पण पहाटे पाचला ह्या पैलवानाला उठवून तालमीत सोडायचे ते काकाच, तेव्हा अर्धी गदा त्यांची!"

माझं मत हिलाच. नुसतं "एडिटेड" म्हटलं तर रंग उजळला की माणूस बदलला, हे कळत नाही; इथे कुणाचं काय आहे ते सांगितलंय. आणि चेष्टा काकांच्या खऱ्या कष्टावर उभी आहे, त्यामुळे हसता हसता त्यांचं कौतुकही होतं. "अर्धी गदा" हे मात्र घरात खरं असेल तरच लिहा. तुमच्या काकांनी तालीम पाहिलीच नसेल, तर त्यांच्याबद्दलची दुसरी खरी गोष्ट शोधा.

एक उणीव तिसरीतही उरते. कुणी फोटो गॅलरीत उतरवून पुन्हा पाठवला की कॅप्शन मागेच राहते. म्हणून "चेहरा बदललेला फोटो" हे शब्द फोटोवरही लिहा, आणि कोपऱ्यात नको, कारण कोपरा सहज कापला जातो. छातीवर, हनुवटीच्या जरा खाली, ठळक अक्षरांत लिहिलं की चेहरा ठेवून शब्द छाटणं अवघड होतं.

टाकण्याआधी फोटो कॅप्शनसकट काकांना एकट्याला दाखवा, चारचौघांत नको. तिथे नाही म्हणणं जड जातं. पुतण्यालाही विचारा, अंग त्याचं आहे. काका "कशाला रे हे?" म्हणाले, तर फोटो तुमच्याच फोनमध्ये राहू द्या. "मला पाठव, मीच टाकतो" म्हणाले, तर कॅप्शन त्यांनाच बदलू द्या, फक्त पहिलं वाक्य तेवढं तसंच ठेवायला सांगा.