खिसेकापू: तयारी कुठे संपते, प्रयत्न कुठे सुरू होतो?

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर खानापूरची गाडी लागली की दारात रेटारेटी होते. समजा, त्या गर्दीत दोघे चोरीच्याच इराद्याने आलेत.

पहिल्याच्या बोटांत ब्लेडचा तुकडा आहे. एका काकांचा खिसा हेरून तो त्यांच्या मागे उभा राहिलाय. ही तयारी. अजून तो मन बदलून निघून जाऊ शकतो, म्हणून चोरीच्या प्रयत्नाची शिक्षा त्याला नाही.

दुसऱ्याने काकांच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा, पैसे काकांनी कनवटीला लावलेले. वकील म्हणेल, चोरी होणं शक्यच नव्हतं. तरीही हा प्रयत्नच, आणि मला ते योग्य वाटतं: त्याने आपल्याकडून करायचं ते केलं होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ मध्ये (जुन्या दंड संहितेत ५११) रिकाम्या खिशाचं नेमकं हेच उदाहरण आहे. साध्या चोरीला पहिल्या खेपेस कमाल ३ वर्षं कैद, म्हणून प्रयत्नाला दीड वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

आणि पहिल्याने ब्लेड खिशाला लावलं, पण कापड फाटायच्या आत कुणी मनगट धरलं तर? तोही प्रयत्नच, चोरीकडे नेणारी कृती सुरू झालेली असते.