मथळ्यातच सांगून टाकायचं की खुणावायचं? न्यूजलेटरमधल्या एका बातमीचे दोन मसुदे

न्यूजलेटरमध्ये एका बातमीला सहसा एवढीच जागा मिळते: एका ओळीचा मथळा आणि त्याखाली तीन ओळी. ही जागा वापरण्याच्या दोन रीती दिसतात. पहिलीत मथळाच बातमी सांगून मोकळा होतो आणि तीन ओळी तिचा तपशील देतात. दुसरीत मथळा प्रश्न टाकतो किंवा उत्सुकता चाळवतो आणि तीन ओळी वाचकाला मूळ बातमीपर्यंत नेतात. नवीन न्यूजलेटर सुरू करणाऱ्याला यातली एक रीत ठरवून घ्यावी लागते, कारण दोन्हींची सरमिसळ झाली की वाचकाला कोणत्या मथळ्यावर किती विसंबायचं ते कळेनासं होतं.

तुलना करायला एकच बातमी घेऊ. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी नासाने जाहीर केलं की २६ सप्टेंबरला डायमॉर्फॉस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलेल्या डार्ट यानामुळे त्याची कक्षा बदलली. डायमॉर्फॉस सुमारे १६० मीटर रुंदीचा आहे आणि तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. धडकेआधी एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं लागत, नंतर ११ तास २३ मिनिटं लागू लागली. मोजमापात साधारण दोन मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात, हेही नासाने तेव्हाच सांगितलं होतं. किमान ७३ सेकंदांचा फरक पडला तरी प्रयोग यशस्वी मानायचा, असं आधीच ठरलेलं होतं. दोन्ही लघुग्रहांपासून पृथ्वीला धोका नव्हता. धडकेच्या खुणा तपासायला हेरा हे युरोपीय यान सुमारे चार वर्षांनी तिथे पोहोचणार होतं.

हे सगळं एक अधिक तीन ओळींत बसवायचं आहे. इथे ‘ओळ’ म्हणजे वाक्य असं मी धरतो. पडद्यावरची ओळ धरली तर हिशेब जुळतच नाही, कारण संगणकावर तीन ओळींत मावणारा मजकूर फोनवर सात-आठ ओळी घेतो.

सांगणारी रीत अशी दिसेल:

यानाच्या धडकेने लघुग्रहाची परिक्रमा ३२ मिनिटांनी घटली
नासाचे डार्ट यान २६ सप्टेंबरला मुद्दाम ज्यावर आदळवले, तो डायमॉर्फॉस आता डिडिमॉसभोवतीची फेरी ११ तास ५५ मिनिटांऐवजी ११ तास २३ मिनिटांत पूर्ण करतो.
७३ सेकंदांचा फरक पडला तरी प्रयोग यशस्वी ठरणार होता, आणि या मोजमापात सुमारे दोन मिनिटे कमी-जास्त होऊ शकतात, असे नासाने म्हटले आहे.
दोन्ही लघुग्रहांपासून पृथ्वीला धोका नव्हता, आणि धडकेच्या खुणा पाहायला हेरा हे युरोपीय यान सुमारे चार वर्षांनी तिथे पोहोचेल.

आणि खुणावणारी अशी:

धक्का देऊन लघुग्रहाची वाट बदलता येते का?
येते, असे नासाच्या डार्ट यानाने दाखवून दिले: २६ सप्टेंबरच्या धडकेनंतर डायमॉर्फॉस हा लघुग्रह आपली फेरी ३२ मिनिटे लवकर पूर्ण करतो.
खगोलीय वस्तूची गती माणसाने हेतुपुरस्सर बदलण्याची ही पहिलीच वेळ आहे.
पृथ्वीला या लघुग्रहापासून धोका नव्हता, मग तो का निवडला आणि पुढे काय, ते सविस्तर बातमीत.

दुसरा मसुदा वाचायला हलका आहे, हे मान्य. पण त्यातून काय गळालं ते बघा. प्रश्नाचं उत्तर देण्यात पहिल्या वाक्याचा बराच भाग गेला आणि तिसऱ्याचा अर्धा भाग वाचकाला आत बोलावण्यात. त्यामुळे ३२ मिनिटं कशातून कमी झाली ते राहून गेलं. मूळ फेरी महिनाभराची असती तर ३२ मिनिटं नगण्य ठरली असती. ती बारा तासांहून थोडी कमी आहे, म्हणून हा बदल जवळपास साडेचार टक्क्यांचा होतो. ७३ सेकंदांची अटही गेली, आणि बातमीतलं खरं आश्चर्य तिच्यात आहे: किमान अट सव्वा मिनिटाची होती, पडला अर्ध्या तासाचा फरक. प्रश्नार्थक मथळ्याची ही किंमत साधारण ठरलेली असते. तीनपैकी एक वाक्य त्यात खर्ची पडतं. चारशे शब्दांच्या लेखात एक वाक्य गेलं तर कुणाला कळतही नाही, इथे मात्र तो सारांशाचा तिसरा हिस्सा आहे.

मग प्रश्नार्थक मथळा लोक लिहितात तरी का? त्याचं एक कारण इनबॉक्समध्ये आहे. बातमीचा मथळा अनेकदा ईमेलच्या विषयाची ओळ म्हणूनही जातो आणि फोनवर ती ओळ अर्ध्यात तुटते. मराठीत याचा फटका जास्त बसतो, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘यानाच्या धडकेने लघुग्रहाची परिक्रमा…’ एवढंच दिसलं तर आकडाही गेला आणि काय झालं तेही गेलं. ‘धक्का देऊन लघुग्रहाची वाट…’ तुटलं तरी निदान उत्सुकता शिल्लक राहते. हा त्या रीतीचा खरा फायदा आहे. पण सांगणाऱ्या मथळ्यालाही त्यावर उपाय सापडतो: क्रियापद सोडून नामाने शेवट करायचा आणि जड माल पुढे आणायचा. ‘लघुग्रहाच्या परिक्रमेत ३२ मिनिटांची घट’ हा मथळा आधीच्यापेक्षा आखूड आहे आणि आकडा बराच आधी येतो. त्यात धडक नाही, पण इनबॉक्समध्ये विषयाच्या ओळीशेजारी पुष्कळदा सारांशाचं पहिलं वाक्यही डोकावतं. धडक तिथे येऊ द्यायची. याच कारणाने पहिल्या वाक्यात मथळाच पुन्हा लिहू नये. तसं केलं की वाचकाला इनबॉक्समध्ये एकच गोष्ट दोनदा दिसते आणि तुमच्या हातातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाया जातं.

जाता जाता लांबीबद्दल. ‘पन्नास कॅरेक्टरच्या आत’ असा नियम कुणी दिला तर तो मराठीला जसाच्या तसा लावू नका. मोजणारी साधनं काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतात. वरचा ‘यानाच्या धडकेने…’ हा पूर्ण मथळा त्यांच्या लेखी ५३ भरतो. डोळ्यांना मात्र मोकळ्या जागांसकट ३१ अक्षरंच दिसतात. आपल्याच फोनवर एक चाचणी ईमेल पाठवून पाहणं जास्त भरवशाचं.

लोक प्रश्नार्थक मथळ्याकडे वळण्याचं दुसरं कारण आकडेवारी. ईमेल उघडण्याचं प्रमाण अशा मथळ्यांना जास्त मिळतं असा अनुभव बरेच जण सांगतात. तो खरा असेलही, पण मोजपट्टीच आता ढिली झाली आहे. सप्टेंबर २०२१ पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये गोपनीयतेची एक सोय आहे. ती चालू असेल तर वाचकाने पत्र उघडलं नाही तरी त्यातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. उघडल्याची नोंद याच चित्रांवरून होते, म्हणून न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसू शकतं. त्यापेक्षा दुव्यावर किती जणांनी टिचकी मारली ते बघा, आणि तेही रीत लक्षात ठेवून. सांगणाऱ्या सारांशाने वाचकाचं काम तिथेच झालं तर टिचक्या कमी येणारच. अशा न्यूजलेटरला टिचक्यांवर तोलणं अन्यायाचं आहे. त्यापेक्षा सदस्यता सोडून जाणारे किती, उत्तरादाखल पत्र लिहिणारे किती, हे बघितलेलं बरं.

या दोन रीतींपेक्षा घातक असा एक तिसरा मथळा आहे आणि तो दोन्ही छावण्यांत सापडतो: ‘पृथ्वी वाचवण्याचा प्रयोग यशस्वी’. यातला एकेक शब्द वेगळा काढला तर खोटा म्हणता येत नाही, कारण प्रयोग पृथ्वीच्या संरक्षणासाठीच होता. पण वाचकाच्या मनात उतरतं ते असं की एक लघुग्रह आपल्याकडे येत होता आणि तो वळवला. ‘नासाने लघुग्रहाची दिशा बदलली’ याचंही तेच होतं. ‘घटली’ किंवा ‘कमी झाली’ ही क्रियापदं मोजलेल्या गोष्टीला चिकटून राहतात. ‘वाचवली’, ‘वळवली’ ही तिच्या पुढे धावतात. म्हणून ‘धोका नव्हता’ हे वाक्य मी दोन्ही मसुद्यांत ठेवलं आहे. जागा कमी पडली तर हेराचा उल्लेख गाळेन, हे नाही.

चूक झाली आहे का हे ओळखायला सोपी कसोटी आहे. मूळ बातमी न वाचलेल्या कुणाला चार ओळी वाचायला द्या, कागद काढून घ्या आणि ‘काय झालं?’ एवढंच विचारा. उत्तरात ‘पृथ्वीवर येणारा…’ असं काही ऐकू आलं तर मथळा बदला. सारांशात खुलासा घालून भागत नाही, कारण लक्षात मथळाच राहतो. मग उलट दिशेने तपासा: चार ओळींतला प्रत्येक आकडा, तारीख आणि ‘कोण म्हणालं’ मूळ बातमीत शोधून त्याखाली रेघ मारा. जिथे रेघ मारायला जागा सापडत नाही, ते तुम्ही स्वतः घातलेलं असतं.

हे करताना आणखी एक लक्षात येतं. सारांशासाठी मूळ बातमीचे पहिले तीन परिच्छेद कापून घेण्याची सवय असेल तर ७३ सेकंदांसारखी अट हाती लागत नाही, कारण अशा गोष्टी सहसा मधल्या परिच्छेदांत असतात. शिवाय कापलेल्या वाक्यात ‘या मोहिमेमुळे’ किंवा ‘ते म्हणाले’ असे शब्द उरतात आणि कोणती मोहीम, कोण ते, हे वरच्या परिच्छेदातच राहून जातं. बातमी शेवटपर्यंत वाचून, ती मिटवून, आठवणीतून तीन वाक्यं लिहिणं आणि मगच आकडे ताडून घेणं, यात एका बातमीला काही मिनिटं जास्त जातात, पण मजकूर आपला होतो.

ठरवताना विचारायचा प्रश्न एवढाच की वाचकाने तुमच्या पत्रातच थांबावं असं तुम्हाला वाटतं की पुढे जावं. एका पत्रात सात-आठ बातम्या असतील, लोक सकाळी घाईत वाचत असतील आणि मूळ बातम्या दुसऱ्यांच्या असतील, तर सांगणारी रीत घ्या आणि मथळा नामावर संपवा. पत्रात एकच बातमी असेल आणि दुव्यापलीकडचा सविस्तर मजकूर तुमचाच असेल, तर प्रश्न चालेल, पण उत्तर पहिल्याच वाक्याच्या पहिल्या शब्दांत आलं पाहिजे, ‘येते’ किंवा ‘नाही’ असं. ते उत्तर दुव्यापलीकडे दडवावंसं वाटत असेल तर बहुधा ती बातमी तीन ओळींचीही नाही. ती त्या दिवशी वगळली तरी चालते.