पेन्शन, व्याज, भाडे आणि म्युच्युअल फंड: आयटीआर-2 स्वतः भरल्यानंतरचा अनुभव

निवृत्तीनंतर काही वर्षे माझे रिटर्न साधे होते. पेन्शन आणि थोडे व्याज, त्यामुळे आयटीआर-1 मध्ये काम होई. 2024-25 या आर्थिक वर्षात चारही गोष्टी एकत्र आल्या: पेन्शन, दोन बँकांतल्या ठेवींचे व्याज, एका फ्लॅटचे भाडे आणि म्युच्युअल फंडातला भांडवली नफा. हे रिटर्न मी आयकर खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन आयटीआर-2 मधून भरले. आता बरेच महिने उलटलेत, प्रोसेसिंग होऊन कलम 143(1) ची सूचनाही आली आहे. माझ्यासारख्या निवृत्तांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फॉर्म कोणता ते. त्या वर्षापासून आयटीआर-1 मध्ये इक्विटीचा दीर्घकालीन नफा 1,25,000 रुपयांपर्यंत दाखवता येतो, पण मागचा तोटा पुढे ओढलेला नसावा. माझा नफा त्याहून जास्त होता, म्हणून आयटीआर-2. तुमचा अल्पकालीन नफा एक हजार रुपयांचा असला तरीही आयटीआर-2 च लागतो.

आकडे असे आहेत. वय 67. पेन्शन वर्षाला 5,40,000. एका मोठ्या बँकेतले ठेवींचे व्याज 1,05,000, गावातल्या नागरी सहकारी बँकेतले 55,000, बचत खात्याचे 8,000. भाडे महिना 12,000. आणि नोव्हेंबरमध्ये इक्विटी फंडाच्या रेग्युलर योजनेतून डायरेक्ट योजनेत 6,40,000 रुपयांचा स्विच.

हा स्विच बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कारण पैसे बँकेत येत नाहीत. आयकराच्या दृष्टीने मात्र ती जुन्या युनिट्सची विक्री आणि नव्यांची खरेदी असते. एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरणात 6,40,000 ची विक्री स्पष्ट दिसत होती. फंडाच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेककडून, मिळणारे कॅपिटल गेन स्टेटमेंट काढले तर त्यात प्रत्येक एसआयपी हप्त्याची खरेदी तारीख आणि किंमत येते. आधी घेतलेली युनिट्स आधी विकली, असा हिशेब त्यात धरलेला असतो. माझी सगळी युनिट्स 2019 ते 2022 मधली, म्हणजे सगळा नफा दीर्घकालीन. खरेदी किंमत 4,50,000, नफा 1,90,000. युनिट्स 31 जानेवारी 2018 किंवा त्याआधीची असती तर त्या दिवशीची किंमत लक्षात घ्यावी लागली असती आणि योजनेगणिक आयएसआयएन क्रमांकासह वेगळी ओळ भरावी लागली असती. नंतरची असल्यामुळे एकत्रित आकडा चालला.

याच वर्षात एक अडचण होती. 23 जुलै 2024 पासून दर बदलले: इक्विटीचा दीर्घकालीन दर 10 वरून 12.5 टक्के झाला, अल्पकालीन 15 वरून 20. त्यामुळे फॉर्ममध्ये विक्री त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे सांगावे लागते. माझी विक्री नंतरची. 1,90,000 मधून 1,25,000 ची सूट वजा जाता 65,000 वर 12.5 टक्के, म्हणजे 8,125 रुपये. शेवटी एक तिमाहीवार तक्ता येतो, त्यात हा नफा 16 सप्टेंबर ते 15 डिसेंबर या रकान्यात गेला पाहिजे. तक्त्याची बेरीज वरच्या आकड्याशी जुळली नाही तर फॉर्म पुढे जात नाही. तो तक्ता अॅडव्हान्स टॅक्सच्या व्याजासाठी असतो. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसाय नसलेल्या निवासी नागरिकाला अॅडव्हान्स टॅक्स लागत नाही, म्हणून मला त्याचा भुर्दंड नव्हता. तरी तक्ता भरावाच लागतो.

व्याजाकडे मी सर्वांत जास्त लक्ष दिले. मोठ्या बँकेतली एक ठेव संचयी आहे, व्याज मुदतीअखेर हातात येणार. पण बँक दरवर्षी जमा होत गेलेल्या व्याजावर टीडीएस कापते आणि तसे खात्याला कळवते. म्हणून मी दरवर्षीचे व्याज त्या त्या वर्षी दाखवतो. शेवटच्या वर्षी एकदम दाखवायचे ठरवले, तर मधल्या वर्षांचे टीडीएस आणि उत्पन्न जुळत नाही, आणि शेवटच्या वर्षी सगळे उत्पन्न एकाच वेळी वरच्या टप्प्यात जाते.

सहकारी बँकेचे व्याज एआयएसमध्ये दोनदा दिसत होते. एकदा टीडीएसच्या विवरणातून, एकदा व्याजाच्या वेगळ्या अहवालातून. बँकेचे व्याज प्रमाणपत्र हातात घेऊन ताडून पाहिले तेव्हा खात्री झाली की 55,000 एकच आहेत. अशा नोंदीवर क्लिक करून अभिप्राय देता येतो: "Information is duplicate / included in other displayed information" हा पर्याय निवडायचा. मी अभिप्राय दिला आणि रिटर्नमध्ये प्रमाणपत्राप्रमाणे आकडा भरला. हे न करता प्री-फिल्ड आकडा तसाच स्वीकारला असता तर 55,000 जास्तीच्या उत्पन्नावर कर भरला असता. पासबुकातली रक्कम बघून व्याज ठरवू नका. पासबुकात टीडीएस कापून उरलेले व्याज येते, आपल्याला पूर्ण व्याज हवे.

भाड्याची नोंद एआयएसमध्ये आधीच होती, याचे काहींना आश्चर्य वाटेल. कारण असे की भाडेकरू नोकरदार आहे आणि घरभाडे भत्त्याची सूट घेतो. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असले की त्याला कार्यालयात घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि तिथून ती माहिती खात्याकडे जाते. म्हणजे रोखीने किंवा यूपीआयने घेतलेले भाडे कुणाला दिसत नाही, ही समजूत चुकीची आहे. मात्र फक्त एकूण भाडे येते, वजावटी आपणच भरायच्या. 1,44,000 मधून मी त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली 6,000 घरपट्टी वजा केली, उरले 1,38,000. त्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट 41,400. करपात्र भाडे 96,600. दुरुस्ती, रंगकाम, सोसायटीचा खर्च वेगळा मागायचा नाही, तो त्या 30 टक्क्यांत आला असे कायदा धरतो. ही वजावट जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालीत मिळते. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर मालकीच्या टक्केवारीनुसार भाडे विभागून दोघांनी दाखवावे.

आता करप्रणाली. फॉर्म उघडला की नवी करप्रणाली निवडलेलीच असते, जुनी हवी तर सुरुवातीच्या सर्वसाधारण माहितीच्या भागात नवीतून बाहेर पडण्याच्या प्रश्नाला 'Yes' म्हणावे लागते. धंदा नसलेल्याला वेगळा फॉर्म लागत नाही, पण रिटर्न मुदतीत भरलेले हवे. मी दोन्हीचा हिशेब कागदावर मांडला.

नव्यात: पेन्शनमधून 75,000 वजा, म्हणजे 4,65,000. त्यात व्याज 1,68,000 आणि भाडे 96,600. बेरीज 7,29,600. त्यावर कर 22,960, भांडवली नफ्याचे 8,125 आणि 4 टक्के सेस धरून सुमारे 32,330.

जुन्यात: पेन्शनमधून 50,000 वजा. बेरीज 7,54,600. त्यातून 80सी खाली दीड लाख, 80डी खाली आरोग्य विम्याचा हप्ता 32,000, आणि 80टीटीबी खाली व्याजाचे 50,000. उरले 5,22,600. त्यावर ज्येष्ठ नागरिकाचा कर 14,520, नफ्याचे 8,125, सेस धरून सुमारे 23,550. जवळजवळ 8,800 रुपयांचा फरक. 80टीटीबी ही साठीच्या पुढच्यांसाठीची सूट बँक, सहकारी बँक आणि पोस्टातल्या ठेवींवर मिळते, कंपन्यांच्या ठेवींवर नाही. 80सी आणि 80डी साठी आता पॉलिसी किंवा खात्याचा क्रमांकही विचारतात, कागद समोर घेऊनच बसा.

कापलेला टीडीएस दोन्ही बँकांचा मिळून 16,000. पेन्शन देणाऱ्या बँकेने काहीच कापले नव्हते, कारण ती फक्त पेन्शनवर हिशेब करते आणि तेवढ्यावर कर लागत नाही. अनेकजण इथे निर्धास्त राहतात. उरलेले 7,550 मी पोर्टलवरच ई-पे टॅक्समधून सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून भरले आणि चलनाचा बीएसआर कोड व क्रमांक रिटर्नमध्ये आला आहे ना, ते पाहिले. असेसमेंट वर्ष 2025-26 निवडायचे, आर्थिक वर्ष नाही. काही स्नेही मला म्हणाले, बँकेला 15एच फॉर्म देऊन टीडीएस टाळायचा होता. ते चालले नसते. त्या वर्षी अंदाजित कर शून्य असेल तरच 15एच देता येत होता.

रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत पडताळणी करावी लागते, नाहीतर भरलेले ग्राह्य धरत नाहीत. आधारला जोडलेला मोबाइल हातात असेल तर ओटीपीने दोन मिनिटांत होते. मुले परगावी असतील आणि त्यांचा नंबर आधारला असेल तर आधी ते बदलून घ्या. 143(1) ची सूचना ईमेलने येते, पासवर्ड लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने असतात, एक आपण दिलेला आणि एक खात्याने मोजलेला. माझ्याकडे दोन्ही जुळले.

प्रोसेसिंग झाले तरी मी डिसेंबरमध्ये एआयएस पुन्हा उघडला. बँका आणि फंड दुरुस्त्या पाठवतात, त्यामुळे जुलैत न दिसलेली नोंद नंतर येऊ शकते. त्या वेळी सुधारित रिटर्नची मुदत 31 डिसेंबरपर्यंत होती, म्हणून ही वेळ महत्त्वाची. माझ्या एआयएसमध्ये नवे काही नव्हते.

आर्थिक वर्ष 2025-26 चा हिशेब मात्र उलटा निघतो. पुढच्या रिटर्नचा अंदाज काढला तेव्हा हेच आकडे नव्या करप्रणालीत घातले: 4 लाखांपर्यंत शून्य, 8 लाखांपर्यंत 5 टक्के, त्यामुळे 7,29,600 वर कर 16,480, आणि एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्याने कलम 87ए च्या सवलतीत तो पूर्ण जातो. नफ्यावरच्या 8,125 ला ती सवलत लागू नाही, तेवढा आणि सेस भरावा लागेल, म्हणजे 8,450. जुन्या प्रणालीत हाच कर 23,550 येतो. आता 'Yes' दाबून जुनी प्रणाली निवडली तर जवळजवळ 15,000 रुपये जास्त जातील.