आठ महिन्यांच्या वापरानंतर : सर्व्हिस कॉलचे स्लॉट ठरवणारे सॉफ्टवेअर

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या अकरा इंजिनिअरांच्या रोजच्या भेटी ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. आठ महिन्यांपूर्वी आम्ही वहीवरून सॉफ्टवेअरवर आलो. प्रत्येक कॉलसाठी दुरुस्तीचा आणि प्रवासाचा अंदाज धरून ते इंजिनिअरचा दिवस आखते आणि ग्राहकाला स्लॉट देते. पहिले दोन महिने मी त्याच्यावर नाराज होते. आज ते सोडून वहीकडे परत जाण्याची माझी तयारी नाही, पण हा बदल सॉफ्टवेअरमुळे कमी आणि त्याला दिलेले आकडे सुधारल्यामुळे जास्त झाला आहे.

सर्वांत मोठी चूक दुरुस्तीच्या वेळेत होती. सॉफ्टवेअर मागील कॉलची सरासरी काढते आणि आमच्याकडे ‘पाणी बाहेर जात नाही’ या तक्रारीची सरासरी ५६ मिनिटे येत होती. नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की दहापैकी आठ कॉल साधारण ४० मिनिटांत संपतात, कारण फक्त फिल्टर किंवा पाइप साफ करावा लागतो. उरलेल्या दोन कॉलना मात्र पंप बदलावा लागत असल्याने दोन तास लागतात. म्हणजे ५६ मिनिटे लागणारा कॉल प्रत्यक्षात जवळपास नव्हताच. आता नोंदणीच्या वेळीच आम्ही विचारतो की पाणी काढताना पंपाचा आवाज येतो का. आवाज अजिबात येत नसेल तर तो कॉल वेगळ्या प्रकारात जातो आणि त्याला दोन तास धरले जातात. ही विभागणी अचूक नाही, कारण कचरा अडकूनही पंप गप्प बसू शकतो, पण लांबणारे बरेच कॉल आधीच ओळखू येतात.

ही विभागणी करण्यापूर्वीचा एक दिवस सविस्तर सांगते, कारण त्यात दुसरी अडचण स्पष्ट दिसते. एका इंजिनिअरला याच तक्रारीचे चार कॉल होते. प्रत्येकी ५६ मिनिटे दुरुस्ती आणि २० मिनिटे प्रवास धरून सॉफ्टवेअरने ९ ते १०, १०.१५ ते ११.१५, ११.३० ते १२.३० आणि १२.४५ ते १.४५ असे स्लॉट दिले. पहिले काम ४० मिनिटांत झाले आणि तो १० वाजताच दुसऱ्या दारी पोहोचला, परंतु स्लॉट सुरू व्हायचा असल्यामुळे १५ मिनिटे थांबला. दुसरे कामही ४० मिनिटांत आटोपले आणि तिसऱ्या दारी तो पुन्हा १५ मिनिटे थांबला. तिसऱ्या मशीनचा पंप गेला होता, ११.३० ला सुरू झालेले काम १.३० ला संपले आणि चौथ्या ग्राहकाकडे तो १.५० ला, म्हणजे पाच मिनिटे उशिरा पोहोचला. दोन्ही वेळा थांबावे लागले नसते, तर तो १.२० लाच तेथे असता.

वाचलेला वेळ थांबण्यात वाया जातो आणि लागलेला उशीर मात्र पुढच्या कॉलवर चढतो, त्यामुळे सरासरी बरोबर असूनही दुपारनंतरचे स्लॉट चुकतात. यावर दोन उपाय आम्हाला उपयोगी पडले. इंजिनिअर लवकर मोकळा झाला की पुढच्या ग्राहकाला ‘थोडे आधी आलो तर चालेल का’ असा संदेश जातो. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, पण बंद ठेवलेली होती. दुसरे म्हणजे पहिला स्लॉट एक तासाचा ठेवून दुपारनंतरचे स्लॉट दोन तासांचे केले. ग्राहकाला रुंद स्लॉट आवडत नाही हे मला मान्य आहे, तरीही अरुंद स्लॉट देऊन तो मोडणे मला अधिक अप्रामाणिक वाटते.

प्रवासाचा अंदाज त्या मानाने चांगला आहे, कारण तो रस्त्याने आणि दिवसाच्या वेळेनुसार काढला जातो. मात्र तो गाडी थांबते तिथे संपतो. फाटकावरची नोंद, लिफ्टची वाट आणि हत्यारांची पेटी घेऊन दारापर्यंत जाणे त्यात धरलेले नसते. मोठ्या इमारतींच्या पत्त्यांवर आम्ही दहा मिनिटे हाताने वाढवतो.

हे सारे अंदाज इंजिनिअर ‘काम सुरू’ आणि ‘काम पूर्ण’ ही बटणे केव्हा दाबतो यावर उभे आहेत. आमच्यातील काही जण ‘पूर्ण’ हे बटण पुढच्या पत्त्यावर पोहोचल्यावर दाबत असत, त्यामुळे दुरुस्ती लांब आणि प्रवास जवळजवळ शून्य दिसे. प्रवास दोन-तीन मिनिटांचा दिसला की नोंद चुकीची आहे हे मी आता ओळखते आणि ती सरासरीतून वगळते.

एक उणीव अजून कायम आहे. पार्ट नसल्यामुळे दुसरी भेट ठरली, तर सॉफ्टवेअर तिला नवा कॉल मानून तपासणीसह पूर्ण वेळ धरते. दोष आधीच सापडलेला असतो आणि फक्त पार्ट बसवायचा असतो, म्हणून अशा प्रत्येक भेटीची वेळ मला रोज संध्याकाळी स्वतः कमी करावी लागते.