‘हं’ म्हणणारा माणूस: संभाषणाच्या सरावाचा चॅटबॉट सात महिने वापरल्यावर

सात महिन्यांपूर्वी हा चॅटबॉट घेतला तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलता येणं. पुढचं मला जमतं. कोणी आपणहून बोलायला आलं की मी तासभर गप्पा मारू शकते. पण सुरुवात माझ्याकडे आली की जीभ टाळूला चिकटते. फोटोग्राफीच्या संध्याकाळच्या वर्गात पहिले पाच आठवडे मी शेजारच्यांशी एक शब्द बोलले नव्हते. काहीतरी करतेय असं दिसावं म्हणून कॅमेऱ्याची बॅग मात्र इतक्यांदा उघडली आणि मिटली की तिची चेन बिघडली.

अॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि मधले काही महिने मी त्यांच्या चाचणी गटातही होते. वापर सोपा आहे. वर्ग सुरू होण्याआधीची दहा मिनिटं, लिफ्टची वाट बघणं, नव्या नोकरीतला पहिला दिवस असे प्रसंग दिलेले असतात. त्यातला एक निवडायचा आणि समोरच्या काल्पनिक माणसाशी टाइप करून किंवा बोलून सुरुवात करायची. आठ-दहा वाक्यांत खेळ संपतो.

पहिला महिना मी हवेत होते. काहीही म्हटलं तरी समोरचा खुलायचा. ‘तुम्ही इथे नवीन आहात का?’ एवढं विचारलं की चार ओळींचं उत्तर यायचं, त्यात स्वतःची एखादी आठवण आणि शेवटी माझ्यासाठी एक प्रश्न. मला वाटलं, आपल्याला जमायला लागलं. मग एका संध्याकाळी वर्गात शेजारच्या काकांना खरंच विचारलं, “तुमचा हा कॅमेरा नवीन आहे का?”

“नाही, जुनाच,” ते म्हणाले आणि पुन्हा स्वतःच्या स्क्रीनकडे बघायला लागले.

झालं. ‘जुनाच’ या शब्दाचं पुढे काय करायचं, हे मला महिनाभरात कोणी शिकवलंच नव्हतं. घरी येऊन मी जुन्या सरावांमधले वीस उघडले आणि मोजले. विसांपैकी विसांत पहिला प्रश्न माझा होता, हे ठीकच. पण त्यानंतरचा प्रत्येक प्रश्न बॉटचा होता. म्हणजे मी सराव करत होते तो मुलाखत देण्याचा. असा कुठलाही बॉट वापरत असाल तर हे मोजून बघाच. दुसऱ्या वाक्यानंतर बोलणं कोण ओढतंय, ते लगेच कळतं.

याचं कारण काही गूढ नाही. असे बॉट ज्या भाषा-प्रारूपांवर, म्हणजे मजकूर तयार करणाऱ्या संगणकीय यंत्रणांवर चालतात, त्यांना घडवताना माणसांच्या पसंतीचा आधार घेतात आणि माणसांना गोड, उत्साही, होकार देणारी उत्तरं आवडतात. मदत करणाऱ्या बॉटमध्ये तो गुण असेल, पण अनोळखी माणसाची भूमिका करणाऱ्या बॉटमध्ये तो दोष आहे. अनोळखी माणूस सहसा उद्धट नसतो आणि उत्साहीही नसतो, तो नुसता ‘हं’ म्हणतो. बुजऱ्या माणसाचं घोडं नेमकं तिथेच अडतं, कारण त्या ‘हं’चा अर्थ तो ‘मला तू नकोस’ असा लावतो.

तिसऱ्या महिन्यातल्या बदलात त्यांनी हे बऱ्यापैकी सुधारलं. आता सराव सुरू होण्याआधी समोरच्याची मनःस्थिती गुपचूप ठरते. तो मोकळा असतो, कोमट असतो किंवा घाईत असतो. कोमट माणूस दोन-तीन शब्दांपलीकडे जात नाही आणि स्वतःहून प्रश्न विचारत नाही. इथे मी पहिल्यांदा खरं काही शिकले. ‘जुनाच’ हे उत्तर म्हणजे बंद दार नव्हे, त्या शब्दातच पुढचा धागा असतो. जुना, म्हणजे किती वर्षं? आधीपासून फोटो काढताय, मग वर्गात का आलात? किंवा प्रश्न न विचारता आपलं थोडं सांगायचं, “माझा उसना आणलाय, निम्मी बटणं कळत नाहीत.” हे शेवटचं मला सगळ्यात उपयोगी पडलं, कारण त्यावर बोलायचं की नाही ते समोरच्याच्या हातात राहतं. दोन धागे टाकले आणि दोन्हींना ‘हं’च आलं, तर थांबायचं.

पण ही सुधारणा टिकेना. घाईतला माणूस पहिल्या दोन वाक्यांत घाईत असायचा आणि चौथ्या-पाचव्या वाक्यापर्यंत स्वतःच्या लहानपणाबद्दल सांगू लागायचा. चाचणी गटात कळलं ते असं: मनःस्थिती सुरुवातीला एकदाच सांगितली की संभाषण वाढेल तसा तिचा जोर कमी होतो आणि प्रारूप आपल्या मूळच्या गोड वळणावर जातं. आता ती प्रारूपाच्या बाहेर नोंदून ठेवतात आणि प्रत्येक उत्तराआधी पुन्हा सांगतात. उत्तराच्या लांबीवरही बाहेरूनच मर्यादा घालतात.

हा नुसता तांत्रिक दोष नव्हता, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. एका प्रसंगात कानात इअरफोन घालून पुस्तक वाचणारी बाई होती. मी बोलायला गेले. बॉटने तिच्या तोंडी ‘मला हे संपवायचंय’ अशा अर्थाचं उत्तर घातलं. गंमत म्हणून मी रेटलं. पुस्तकाबद्दल विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विनोद केला, तर ती हसली आणि इअरफोन काढून ठेवले!

मी त्या खुर्चीत अनेकदा बसले आहे. इअरफोनमध्ये काहीही वाजत नसतानाही ते घालून बसले आहे, नेमकं कोणी बोलायला येऊ नये म्हणून. एखाद्या बुजऱ्या मुलाने हा प्रसंग पन्नास वेळा केला आणि पन्नास वेळा तिसऱ्या प्रयत्नाला दार उघडलं, तर तो काय शिकेल? ‘नाही’ म्हणजे ‘अजून एकदा’. भिडस्त माणूस निरुपद्रवीच असतो असं आपण धरून चालतो, पण यंत्राने त्याला चुकीचा धडा गिरवून घेतला तर तो मनापासून गिरवेल. मी हे सविस्तर लिहून कळवलं. आता एकदा नकार आला की त्या सरावात तो बदलत नाही, कितीही गोड बोला. दुसऱ्यांदा रेटलं की माणूस उठून जातो आणि सराव संपतो. आणि ‘बरं, वाचा तुम्ही’ म्हणून आपण मागे फिरलो तर तो सराव यशस्वी धरला जातो. या एका बदलासाठी मी बनवणाऱ्यांना बाकी बरंच माफ केलं.

पहिल्या आवृत्तीत गुणही मिळायचे, शंभरपैकी. ते गेले हे चांगलं झालं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात एक मुद्दा आहे की अशा माणसाचं लक्ष समोरच्याकडे नसतंच, ते स्वतःवर खिळलेलं असतं. मी कशी दिसतेय, आवाज कापतोय का. त्यात गुणांची भर घातली की मनात एक परीक्षक कायमचा बसतो. तयार वाक्यं पाठ करणं हे त्याच मांडणीत ‘सुरक्षिततेचं वर्तन’ ठरतं. गोष्ट नीट पार पडली तरी श्रेय पाठ केलेल्या वाक्याला जातं आणि भीती होती तिथेच राहते. म्हणून ‘सुचवलेलं वाक्य’ हे बटण माझ्या मते काढूनच टाकावं. अजून आहे ते. आता गुणांच्या जागी सुरुवातीला एक प्रश्न येतो, काय होईल असं वाटतंय? शेवटी विचारतात, काय झालं? मी बहुतेकदा ‘ती तोंड फिरवेल’ असं लिहिते आणि बहुतेकदा तसं झालेलं नसतं. ही तफावत स्वतःच्या अक्षरांत वाचण्याचा परिणाम कुठल्याही शाबासकीपेक्षा जास्त झाला.

आवाजाच्या सरावाचा मला उलटाच त्रास झाला. 2009 साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. हा बॉट उत्तराला दोन सेकंद घ्यायचा. मला त्या सवडीची इतकी सवय झाली की वर्गात कोणी लगेच बोललं तर आपल्याला तोडलं असं वाटायचं. आता अंतर कमी झालंय, तरी माणसाएवढं नाही. टाइप करताना तर खोडता येतं. बोलताना कुठलं खोडणार?

आणि आता ती चूक, जी निम्मी माझी होती. वर्गात एक मुलगी होती, तिच्याशी मैत्री व्हावी असं मला फार वाटायचं. अॅपमध्ये ‘स्वतःचं पात्र तयार करा’ अशी सोय होती. मी तिचं वर्णन घातलं, कसे कपडे घालते, कसले फोटो काढते, हसताना काय करते. पंधरा दिवस रोज तिच्याशी बोलले. म्हणजे कोणाशी, ते देव जाणे. मग खरीशी बोलायला गेले आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले, “तुला रात्रीचे फोटो आवडतात ना!”

“मला?” ती म्हणाली. “नाही, अजिबात नाही. कोण म्हणालं?”

बॉटने म्हटलं होतं. माझ्या लेखी ती आमची सोळावी भेट होती, तिच्या लेखी पहिली. मी चाचपडत काहीतरी सारवासारव केली आणि पुढचे दोन आठवडे दुसऱ्या रांगेत बसले. तिला न विचारता मी तिची बाहुली करून ठेवली होती, हेही मला नंतर उमगलं. ओळखीच्या खऱ्या माणसाचं पात्र बनवण्याची सोय अशा बॉटमध्ये असताच कामा नये. कळवल्यावर त्यांनी ती बंद केली नाही, फक्त नाव घालू नका अशी सूचना टाकली. मी नाव घातलंच नव्हतं.

सध्या मी आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं वापरते. जास्त वापरूही देत नाही ते. एक प्रसंग तीनदा केला की त्याला कुलूप लागतं. बाहेर एकदा करून बघितलं, किंवा का नाही बघितलं, हे लिहिल्यावरच ते उघडतं. सुरुवातीला राग आला होता. कुलूप नसतं तर मी आजही घरात बसून त्या गोड, कल्पित माणसांशीच बोलत असते. जुन्या आवृत्तीत दोन दिवस गेलं नाही की ‘तुमची आठवण येतेय’ असा निरोप यायचा, तो प्रकारही बंद झालाय.

एक कमतरता मात्र राहिलीच आहे. सगळे प्रसंग सुरुवातीचे आहेत, संभाषण संपवण्याचा एकही नाही. परवा त्या काकांनी त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची हकीकत सुरू केली. मी खांद्यावर बॅग घेऊन, एक पाय दाराबाहेर ठेवून पंचवीस मिनिटं उभी होते.